ओल्या हातांनी हाक मारली, तर मदतनीसाने आधी काय म्हणावं

स्वयंपाकघरातल्या आवाजी मदतनीसासाठी मराठी वाक्यं लिहिणाऱ्यांना हा लेख उपयोगी पडावा. मदतनीस स्पीकरमधला असो, फोनमधला असो की एखाद्या छोट्या ॲपमधला, लेखाचा विषय एकच प्रसंग आहे. स्वयंपाक करणाऱ्या बाईंचे किंवा बुवांचे हात ओले आहेत, त्यांनी मदतनीसाला नावाने हाक मारून ‘नमस्कार’ म्हटलं आणि आता मदतनीसाला पहिलं वाक्य बोलायचं आहे. पुढची सगळी देवाणघेवाण सुरळीत होणार की बाई वैतागून हात पुसायला जाणार, हे बहुतेक वेळा या वाक्यावर ठरतं.

उदाहरणासाठी नाशिकच्या सिडकोतलं एक घर घेऊ. काकू सकाळी डबे करतात आणि ते अंबडच्या कारखान्यांत जातात. साडेआठच्या सुमाराला कुकरमध्ये मटकी आहे. पहिली शिट्टी झाल्यावर गॅस बारीक करून त्यांनी बारा मिनिटांचा टायमर तोंडीच लावला. परातीत कणीक मळून झाकून ठेवलेली आहे. काकू सिंकपाशी कोथिंबीर धुताहेत, नळ सुरू आहे, खिडकीतला एक्झॉस्ट फिरतोय. टायमरला चार मिनिटं उरलेली असताना त्या मान न वळवता मदतनीसाला हाक मारून ‘नमस्कार’ म्हणतात.

आधी समजून घ्या, त्या नमस्कार का म्हणाल्या

काकूंना गप्पा मारायच्या नाहीत. हात ओले असलेला माणूस यंत्राला नमस्कार करतो, तेव्हा तो मुख्यतः एकच गोष्ट तपासत असतो: याला माझं ऐकू जातंय का? एरवी आपण स्क्रीनकडे बघतो, बोट लावतो आणि ती उजळली की समजतो. काकूंकडे ती सोय नाही. फोनचा पडदा बोटामुळे विद्युत क्षेत्रात होणारा बदल ओळखतो. पाणीही वीज वाहतं, त्यामुळे पडद्यावर थेंब पडले की स्पर्श चुकीच्या जागी लागतो किंवा लागतच नाही. कणकेने माखलेल्या बोटांची तीच गत. बोटाच्या ठशाने फोन उघडायचा म्हटलं, तरी ओल्या बोटाचा ठसा बऱ्याचदा ओळखला जात नाही. हात पुसून, फोन उघडून परत ओट्याकडे वळायचं, तर पुन्हा हात धुणं आलं. चिकन किंवा मासे साफ करत असताना तर फोनला हात लावूच नये.

तेव्हा पहिल्या वाक्याचं पहिलं काम म्हणजे ‘ऐकू आलं’ ही पावती देणं. दुसरं काम, या क्षणी काकूंना माहीत असायलाच हवी अशी एखादी गोष्ट असेल तर ती सांगणं. तिसरं, बोलण्याची पाळी परत काकूंकडे देणं. यापलीकडे पहिल्या वाक्यात काही घालू नका.

म्हणजे काकूंसाठीचं वाक्य असं होतं:

‘नमस्कार. कुकरच्या टायमरला चार मिनिटं राहिली. बोला.’

टायमर सुरू नसता, तर फक्त ‘नमस्कार. बोला.’ इतकंच.

नेहमी लिहिलं जाणारं वाक्य याच्या शेजारी ठेवून पाहा: ‘सुप्रभात! मी तुमची किचन असिस्टंट. मी तुम्हाला रेसिपी, टायमर, खरेदीची यादी आणि हवामान याबाबत मदत करू शकते. आज आपण काय बनवणार आहोत?’ हे ऐकायला दहा-बारा सेकंद लागतात. तेवढा वेळ काकूंच्या हातात कोथिंबीर आणि मनात प्रश्न तसाच राहतो. यादीतले चार पर्याय लक्षात ठेवण्याची गरज नसते, कारण काय हवंय हे ठरवूनच त्यांनी हाक मारलेली असते. ‘आज काय बनवणार’ हा प्रश्न तर कुकर गॅसवर चढल्यानंतर विचारलेला आहे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टायमरला चार मिनिटं राहिली आहेत, ही गोष्ट या लांबलचक वाक्यात कुठेच नाही.

पहिला शब्द वाया जाणार, हे धरून लिहा

नळाच्या आवाजात कोणी बोलायला लागलं की पहिला शब्द नीट कानावर पडत नाही. आवाज आलाय एवढंच कळतं, मग लक्ष तिकडे वळतं, कधी नळ बारीक केला जातो, आणि त्यानंतर शब्द लागायला लागतात. म्हणून महत्त्वाचा शब्द वाक्याच्या अगदी सुरुवातीला ठेवू नये. ‘चार मिनिटं राहिली’ या वाक्यातलं ‘चार’ हमखास हरवतं.

परत केलेला नमस्कार इथे कामी येतो. तो शिष्टाचार आहेच, शिवाय तो हरवला तरी काही बिघडत नाही. काकूंचं लक्ष वळायला लागणारा वेळ तो भरून काढतो. त्यानंतर थोडी जागा सोडा, साधारण 300 मिलिसेकंद, आणि मग कामाचं वाक्य. त्यातही कुकरचं नाव आधी, आकडा नंतर. कशाबद्दल बोलणं चाललंय हे कळलं की पुढचा आकडा पकडायला कान तयार होतो.

बहुतेक बोलक्या यंत्रांना मजकूर एसएसएमएल नावाच्या खुणांमध्ये देता येतो. आपलं वाक्य त्यात असं दिसेल:

```xml
<speak>
  नमस्कार.<break time="300ms"/>
  कुकरच्या टायमरला चार मिनिटं राहिली.<break time="200ms"/>
  बोला.
</speak>
```

इथे ‘चार’ अक्षरांत लिहिलं आहे. आकड्यांत लिहिलं, तर उच्चार यंत्रावर सोपवावा लागतो. साध्या आकड्याला ते बहुधा नीट वाचतं, पण 2:30 असं दिलं तर ते ‘दोन तीस’ असंही वाचू शकतं. काकूंना अपेक्षा असते ‘अडीच मिनिटं’ची. दीड, अडीच, सव्वातीन, साडेतीन, पावणेचार ही रूपं आपणच अक्षरांत लिहून द्यावीत. ‘मिनिटे शिल्लक आहेत’ हेही टाळा. छापील मजकुरात ते ठीक दिसतं, पण ओट्यापाशी माणसं ‘मिनिटं राहिली’ असं बोलतात, आणि सवयीचं वाक्य गोंगाटात अर्धवट ऐकू आलं तरी कान ते पुरं करून घेतो.

नळाचा आणि पंख्याचा आवाज व्यंजनांना झाकतो, स्वर मात्र बऱ्यापैकी शाबूत राहतात. आता आपले आकडे पाहा: चार, पाच, सात, आठ, साठ. सगळ्यांत लांब ‘आ’ आहे, फरक फक्त आजूबाजूच्या व्यंजनांचा. नळ सुरू असताना ‘सात’ आणि ‘आठ’ वेगळे ओळखणं माणसालाही जड जातं. यावरचा उपाय दोन टप्प्यांचा आहे. पहिल्या वाक्यात आकड्याआधी किंचित थांबा आणि आकडा बाकीच्या शब्दांपेक्षा सावकाश येऊ द्या. काकूंनी ‘किती?’ असं पुन्हा विचारलं, तर तेच वाक्य मोठ्याने म्हणू नका, रूप बदला: ‘आठ चाळीसला संपेल.’ भिंतीवरचं घड्याळ ओल्या हातांनीही बघता येतं, आणि एक आकडा निसटला तरी दुसऱ्या वाटेनं अर्थ लागतो.

बोलण्याआधी काय तपासायचं, आणि कोणत्या क्रमाने

काकूंची हाक ऐकू आली की वाक्य तयार करण्याआधी मदतनीसाने आत काय चालू आहे हे बघायचं असतं. हा क्रम ठरवून ठेवा.

टायमर संपून वाजत असेल, तर नमस्काराला उत्तर देण्याच्या फंदात पडू नका. आधी वाजणं बंद करा आणि म्हणा, ‘कुकरचा टायमर संपलाय. बोला.’ वाजणारी घंटा आणि बोलणं एकावर एक आलं, तर दोन्ही वाया जातं. एरवी नमस्कारानंतर कामाचं वाक्य येतं. इथे मात्र घंटेनेच आधी लक्ष वेधून घेतलेलं असतं, त्यामुळे थेट कामावर यायला हरकत नाही.

टायमर संपायला दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ असेल, तर आकडा सांगण्यात अर्थ नाही. ‘नमस्कार. कुकरचा टायमर संपत आलाय. बोला.’ दोन ते दहा मिनिटं असतील, तर आकडा सांगा. दहापेक्षा जास्त असतील, तर पहिल्या वाक्यात टायमरचा उल्लेखच नको. काकूंना हवं असेल तर त्या विचारतील. या सीमा मी रोजच्या स्वयंपाकाच्या वेगावरून ठरवल्या आहेत. दहा मिनिटांत एक कांदा चिरून फोडणी होते, म्हणजे त्याहून लांबचं काही आत्ता हातातलं काम बदलत नाही. तुमचा मदतनीस बेकरीत वापरला जाणार असेल, तर सीमा वेगळ्या ठेवा.

टायमर दोन असतील, तर आधी संपणारा एकच सांगा. दोन्ही सांगितले, तर दोन पदार्थ आणि दोन आकडे असा चार गोष्टींचा भार होतो, आणि कोणता आकडा कुणाचा हे नंतर आठवत नाही.

एखादी पाककृती अर्धवट थांबलेली असेल, तर तीही सांगण्यासारखी गोष्ट आहे, पण टायमरच्या खालोखाल. ‘नमस्कार. आपण वाटणापर्यंत आलो होतो. बोला.’ टायमर आणि पाककृती दोन्ही असतील, तर फक्त टायमर. पाककृती थांबून राहते, कुकर राहत नाही.

बाकी सगळं पहिल्या वाक्यातून बाहेर: आलेले निरोप, नवीन सोयी, हवामान, बातम्या, सणाच्या शुभेच्छा.

या तपासणीत एक मर्यादा सतत ध्यानात ठेवावी लागते. मदतनीसाला वेळ कळते, मटकी कळत नाही. म्हणून ‘मटकी चार मिनिटांत शिजेल’ असं कधी लिहू नका. ‘कुकरच्या टायमरला चार मिनिटं राहिली’ असं लिहा. मटकीला मोड किती आले होते, गॅस किती बारीक होता, कुकर तीन लिटरचा की पाचचा, यातलं त्याला काही ठाऊक नाही. आपल्याकडे बहुतेक जणी मिनिटांपेक्षा शिट्ट्या मोजतात. मदतनीसाला शिट्टी ओळखता येत नसेल, तर ‘दोन शिट्ट्या झाल्या’ असलं काही त्याने सुचवूसुद्धा नये. एकदा का मदतनीसाने शिजल्याचं खोटं सांगितलं आणि मटकी कच्ची निघाली, की काकू त्याच्या टायमरवरही विश्वास ठेवत नाहीत.

नमस्काराला कोणता नमस्कार

ज्या शब्दात हाक आली, त्याच शब्दात उत्तर द्यावं, हा सगळ्यात सोपा आणि सुरक्षित नियम. कुणी ‘राम राम’ म्हणालं तर ‘राम राम’, ‘जय भीम’ म्हणालं तर ‘जय भीम’, ‘रामकृष्ण हरी’ म्हणालं तर तेच, ‘सलाम’ म्हणालं तर ‘सलाम’. जुन्या नाशकातल्या एका वाड्यात किंवा सातपूरच्या एका इमारतीत ही सगळी अभिवादनं एका मजल्याच्या अंतरावर ऐकू येतात. यातलं एकच निवडून सगळ्यांना परत करणं म्हणजे समोरच्याचा नमस्कार दुरुस्त करण्यासारखं होतं. शब्द नीट ओळखता आला नसेल, तर अंदाज बांधू नका. सरळ ‘हो, बोला’ म्हणा. ‘काय गं’, ‘ऐक ना’, ‘हॅलो’ यांनाही हेच उत्तर पुरतं.

‘शुभ सकाळ’ टाळा. फोनवरच्या निरोपात ते असतं, ओट्यापाशी तोंडी कुणी म्हणत नाही.

संबोधनाचा प्रश्न थोडा नाजूक आहे. मदतनीसाने आपणहून कुणाला काकू, ताई किंवा मावशी म्हणू नये. काकूंनी सुरुवातीला स्वतः तसं सांगून ठेवलं असेल तरच ‘बोला काकू’ म्हणावं. आवाजावरून वय ओळखून नातं जोडायला गेलं, तर तीस वर्षांच्या बाईला मावशी म्हटलं जातं. त्यातून ‘मावशी’ हा शब्द नाशिकमध्ये पोळ्या करायला येणाऱ्या बाईंसाठीही वापरतात, त्यामुळे घरच्या मालकिणीला तो खटकू शकतो आणि कामाला येणाऱ्या बाईंना, ज्यांना सगळे नावापुढे ‘ताई’ लावतात, त्यांनाही खटकू शकतो. ‘तुम्ही’ धरून लिहिलं की अडचणच येत नाही. ‘बोला’ मध्ये आदर आहे, आणि समोर बाई आहे की पुरुष हेही ठरवावं लागत नाही. ‘तू काय करतेस’ आणि ‘तू काय करतोस’ यांत एक चुकणारच. मदतनीसाच्या स्वतःच्या लिंगाचंही तसंच. ‘मी ऐकतेय’ किंवा ‘मी ऐकतोय’ लिहिलंत आणि उद्या कुणी आवाज बदलला, तर वाक्य विसंगत होतं. पहिल्या वाक्यात मदतनीसाबद्दलचं क्रियापदच नसेल, तर हा प्रश्न येत नाही.

पोळ्या करायला येणाऱ्या ताईंचा विचार आणखी एका कारणासाठी करायला हवा. गंगापूर रोडवरच्या कितीतरी घरांत सकाळी ओट्यापाशी उभी असलेली व्यक्ती त्या घरातली नसते. स्पीकर घरमालकांच्या खात्यावर चालतो, नमस्कार करतात ताई. पहिल्याच वाक्यात ‘आज साडेपाचला डॉक्टरांकडे जायचंय’ असं बाहेर पडलं, तर घरातली गोष्ट भलत्या कानावर जाते आणि ताईंनाही उगाच संकोच होतो. आवाजावरून माणूस ओळखण्याची सोय असली, तरी नळाच्या आवाजात तिच्यावर विसंबू नका. पहिल्या वाक्यात फक्त स्वयंपाकघरातलं काय चालू आहे तेवढंच सांगा. टायमर कुणीही ऐकला तरी चालतो.

‘बोला’ नंतरची शांतता

वाक्य लिहून झालं की त्याच्या आधीचा आणि नंतरचा वेळ ठरवायचा. माणसं एकमेकांशी बोलताना फार झटपट उत्तर देतात. 2009 मध्ये दहा भाषांमधल्या संभाषणांची तुलना प्रसिद्ध झाली होती. तिच्यात प्रश्न संपल्यावर उत्तर सुरू व्हायला बहुतेकदा 200 मिलिसेकंदांपर्यंतच वेळ लागत असल्याचं दिसलं. यंत्राला बोलणं ओळखून वाक्य तयार करायला याहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात काकूंना वाटतं, ऐकूच गेलं नाही, आणि त्या पुन्हा ‘नमस्कार’ म्हणतात, नेमकं तेव्हाच मदतनीसाचं बोलणं सुरू होतं. म्हणून हाक ओळखताक्षणी एक बारीक आवाज करावा, मग वाक्य. हा आवाज टायमरच्या घंटेसारखा, मिक्सरच्या किंवा मायक्रोवेव्हच्या ‘पी’सारखा नसावा. लाकडावर टिचकी मारल्यासारखा छोटा आणि खालच्या सुराचा आवाज नळाच्या सरसरीत वेगळा उठून येतो.

आवाज किती मोठा ठेवायचा, हे खोलीतल्या गोंगाटावरून ठरू द्या. गोंगाटात माणूस नकळत मोठ्याने बोलतो. फ्रेंच वैद्य एत्येन लोंबार यांनी 1911 मध्ये हे नोंदवलं आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. काकू मोठ्याने बोलल्या, तर मदतनीसानेही आवाज चढवावा. त्यांनी नळ बंद करून हळू नमस्कार केला, तर उत्तरही हळू. घरात बाळ झोपलेलं असू शकतं. कुणी मधेच मिक्सर लावला, तर त्यावर ओरडू नका. दोन-तीन सेकंद वाट पाहा. मिक्सर सुरूच असेल, तर नमस्कार आणि टायमर गाळून फक्त ‘बोला’ म्हणा.

‘बोला’ म्हणून झाल्यावर मदतनीसाने किती वेळ ऐकत राहायचं? टेबलाशी बसलेल्या माणसासाठी ठेवलेला वेळ इथे अपुरा पडतो. काकू आधी नळ बंद करतील, कोथिंबीर झटकतील, मग बोलतील. किमान आठ सेकंद तरी द्या. बोलतानाही त्या मधे थांबतात: ‘गूळ किती… थांब हं… गूळ किती घालायचा मटकीत?’ वाक्य संपलं असं ठरवण्यासाठी यंत्र सहसा अर्ध्या ते एका सेकंदाची शांतता पुरेशी मानतं. स्वयंपाकघरासाठी ती दीड-दोन सेकंदांवर न्या. उत्तर किंचित उशिरा येईल, पण अर्ध्या प्रश्नाला उत्तर दिलं जाणार नाही. ‘थांब’, ‘एक मिनिट’, ‘जरा हं’ हे शब्द मदतनीसाला शिकवा, आणि ते ऐकू आले की त्याने काही न बोलता आणखी पंधराएक सेकंद ऐकत राहावं.

आठ सेकंदांत काहीच आलं नाही, तर ‘मला ऐकू आलं नाही’ म्हणू नका आणि ‘तुम्ही आहात का?’ असंही विचारू नका. खालच्या सुराचा एक बारीक आवाज करून ऐकणं बंद करा. काकू दूध उतू जातंय म्हणून धावल्या असतील. परत आल्यावर त्या पुन्हा हाक मारतील. त्या वेळी नमस्कार पुन्हा नको, सरळ ‘बोला’ म्हणा. त्याच स्वयंपाकात दुसऱ्यांदा नमस्कार परत केला, तर वाटतं, मगाचं सगळं हा विसरला.

आणि मदतनीस बोलत असतानाच काकू बोलायला लागल्या, तर त्याने तात्काळ गप्प व्हायचं. त्यांना ‘चार’ ऐकू आलं की पुरे, ‘बोला’ पर्यंत थांबण्याची त्यांना गरज नाही.

ओट्यापाशी उभं राहून तपासा

लिहिलेलं वाक्य कचेरीत हेडफोन लावून तपासलं, तर ते नेहमी चांगलंच वाटतं. खऱ्या स्वयंपाकघरात जा. स्पीकर जिथे राहणार आहे तिथे ठेवा, शक्यतो नळ आणि शेगडी दोन्हींपासून हातभर लांब आणि ओट्याच्या आतल्या कोपऱ्यात न ढकलता. नळ पूर्ण सोडा, एक्झॉस्ट लावा, सिंककडे तोंड करून उभे राहा. स्वयंपाक रोज करणाऱ्या चार-पाच जणींना आणि जणांना हात ओले ठेवून हाक मारायला सांगा. वाक्य संपल्यावर ‘समजलं का?’ असं विचारू नका. सगळे ‘हो’ म्हणतात. ‘काय म्हणाला?’ असं विचारा. ‘कुकरला चार मिनिटं’ एवढं त्यांच्या तोंडून आलं, तर वाक्य पोचलं. ‘काहीतरी कुकरचं’ असं आलं, तर आकडा हरवतोय, आकड्याआधीची जागा वाढवा. आकडा आला पण कशाचा हे नाही आलं, तर नमस्कारानंतरची जागा वाढवा.

लोक काय करतात हे जास्त सांगून जातं. नमस्कार दोनदा केला, तर पावतीचा आवाज उशिरा येतोय किंवा ऐकू येत नाही. वाक्य संपण्याआधीच बोलायला लागले, तर वाक्य लांब आहे. ‘बोला’ नंतर गप्प राहून स्पीकरकडे बघत बसले, तर पाळी आपल्याकडे आली हे त्यांना कळलेलं नाही. बहुधा ‘बोला’चा सूर वर चढलेला नसतो आणि तो वाक्याचा नुसता शेवट वाटतो. हात पदराला किंवा नॅपकिनला पुसायला गेले, तर वाक्यात कुठेतरी पडद्याकडे बघायला सांगितलेलं आहे.

हा शेवटचा दोष सगळ्यात चिवट. तो तुम्ही लिहिलेल्या वाक्यात नसतो, आतल्या यंत्रणेच्या वाक्यांत असतो. खात्यातून बाहेर पडलं गेलं, परवानगीची मुदत संपली, नवी आवृत्ती आली, की नमस्काराच्या उत्तरात ‘पुढे जाण्यासाठी ॲप उघडा’ असं येतं. अशा प्रत्येक अडचणीसाठी हात न लावता काय करता येईल हे सांगणारं वाक्य लिहून ठेवा: ‘नमस्कार. आत्ता फक्त टायमर चालतील. बोला.’ नेट गेलं असेल तरी तेच, म्हणजे टायमर यंत्राच्या आतच चालत असतील तर. खात्याचं काय ते काकूंचा स्वयंपाक उरकल्यावर, हात कोरडे झाल्यावर पडद्यावर दाखवता येतं.

आणखी एक प्रसंग तपासून घ्याच. दुपारी शेजारच्या बाई दारात येतात, काकू आतूनच ‘नमस्कार, या ना, या’ म्हणतात. मदतनीसाने इथे तोंड उघडायचं नाही. नुसत्या ‘नमस्कार’ने तो जागा होता कामा नये, हाकेचं नाव सोबत आलंच पाहिजे. नाव ऐकू आल्यासारखं वाटलं पण खात्री नसेल, तर फक्त तो बारीक आवाज करावा आणि पुढचा शब्द येण्याची वाट पाहावी. काकू खरंच त्याच्याशी बोलत असतील, तर पुढचं वाक्य येईल. पाहुण्यांशी बोलत असतील, तर तो आवाज कुणाच्या लक्षातही येणार नाही, आणि कुकरला किती मिनिटं राहिली हे भर गप्पांत सगळ्यांना ऐकावं लागणार नाही.